६१ नग आणि ४० इंची जिना

सदाशिव पेठेतील तिसऱ्या मजल्यावरची जागा सोडून धायरीतील सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत जायचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न सामान कोण हलवणार हा होता. जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. नव्या इमारतीला होती, पण सामानासाठी ती दुपारी १ ते ४ या वेळात वापरता येणार नव्हती. यजमान नोकरीनिमित्त नागपूरला, मुलगा परीक्षेत आणि सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यामुळे सारी जबाबदारी माझ्याकडे आली. सामान बांधून पोहोचवून देणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस घरी येऊन पाहून गेला आणि त्याने सांगितलेला आकडा आमच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक निघाला. मग शेजारच्या किराणा दुकानदाराच्या ओळखीने एक मुकादम मिळाले. ते मार्केटयार्डात माथाडी कामगार म्हणून अनेक वर्षे काम करत होते आणि सुटीच्या दिवशी आणखी तीन गड्यांना घेऊन घरे हलवण्याची कामे घेत. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. ज्या कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यांच्यापैकीच हे एक. मी त्यांना मामा म्हणू लागले आणि ते मला ताई.

काम ठरवण्याआधी मामा एकदा घर पाहायला आले. माझी अपेक्षा अशी होती की ते खोल्यांतून फिरतील, सामान मोजतील आणि रक्कम सांगतील. प्रत्यक्षात ते दारातूनच मागे फिरले आणि जिन्यात गेले. त्यांच्या खांद्यावर एक लांब दोरी होती, तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. त्या दोरीने त्यांनी जिन्याची रुंदी मापली, वळणावरच्या चौकाची लांबी-रुंदी मापली आणि मग दोरी वर धरून प्रत्येक चौकातील छताची उंचीही पाहिली. तळमजल्यावर पोहोचायच्या आधीच्या शेवटच्या चौकात ते बराच वेळ थांबले, कारण तिथे वरच्या तुळईमुळे छत खाली आलेले होते. घरात परतल्यावर त्यांनी सासूबाईंचे लोखंडी कपाट तेवढे मापले आणि म्हणाले, “बाकीचं सगळं जाईल ताई, या कपाटाचं आधी बघायला लागेल.”

ते कपाट सासूबाईंना लग्नात मिळालेले, जाड पत्र्याचे, आतून आरसा असलेले. उंची ७८ इंच, रुंदी ३६ इंच आणि खोली १९ इंच. जिना ४० इंच रुंद होता, तेव्हा मला त्यात अडचण दिसेना. मामांनी ती मला जमिनीवर खडूने आखून दाखवली. जिन्यावरून कपाट आडवे कलते करून, पाठ पायऱ्यांच्या बाजूला ठेवून उतरवायचे असते. चौकात आले की ते उभे करायचे आणि पुढच्या जिन्यासमोर न्यायचे. परंतु उभे कपाट जागच्या जागी फिरवायचे झाले, तर त्याच्या तळाच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर लागते, आणि ते जवळजवळ ४१ इंच भरते. आमचा चौक ४० इंच खोल. म्हणजे केवळ एका इंचाने ते फिरणार नव्हते.

यावरची त्यांची युक्ती मला आजही आवडते. कपाट फिरवायचेच नाही. पहिल्या जिन्यावर त्याचे पाय पुढे, म्हणजे खालच्या बाजूला ठेवायचे. चौकात उभे करून तसेच बाजूला सरकवायचे आणि पुढच्या जिन्यावर त्याच पाठीवर कलते करून डोके पुढे ठेवून उतरवायचे. त्यानंतरच्या जिन्यावर पुन्हा पाय पुढे. तीन मजल्यांचे सहा जिने होते, म्हणून कपाट तीनदा पायांनी आणि तीनदा डोक्याने उतरणार होते. खडूच्या रेघांकडे पाहत सासूबाईंनी “माझं कपाट उलटं नेणार की काय?” असे विचारले, तेव्हा मामांनी “आजी, उलटं नाही, पालथंही नाही, फक्त डोकं पुढं,” असे मोठ्या आदराने समजावले.

खरी अडचण त्या तुळईखालच्या चौकात होती. तिथे छताची उंची ७९ इंच होती आणि कपाट ७८ इंच. उभे असलेले कपाट तिथे मावले असते, पण आडवे कपाट तिथे उभे करता आले नसते, कारण उठताना त्याचा वरचा पुढचा कोपरा ८० इंचांपर्यंत वर जातो आणि मगच खाली बसतो. एखादी वस्तू दारातून जाईल की नाही हे आपण तिची उंची-रुंदी पाहून ठरवतो आणि ती उठवताना, वळवताना किती जागा घेईल हे विसरतो. घर हलवताना सामान अडते ते बहुतेक वेळा अशाच ठिकाणी. कपाटाखाली चार इंचांचा लोखंडी स्टँड नटबोल्टने जोडलेला होता. तो काढला की उंची ७४ इंच राहते आणि उठताना लागणारी जागा साडेशहात्तर इंचांच्या आत येते. त्या बोल्टना गंज चढला होता. मामांनी आदल्या रात्री त्यांवर रॉकेल किंवा खोबरेल सोडून ठेवायला सांगितले. मी खोबरेल सोडले.

बांधाबांध आमच्याकडेच होती, कारण मामांचे गडी फक्त उचलण्याचे, रचण्याचे आणि जड वस्तू बांधण्याचे काम घेणार होते. ४ माणसे, दिवसभराचे काम, तिसरा मजला उतरणे आणि सातव्यावर लिफ्टने चढवणे, असे मिळून ६,००० रुपये ठरले. टेम्पोचे २,५०० रुपये वेगळे. मजला वाढला की दर वाढतो आणि लिफ्ट बंद पडली तर सातव्या मजल्याचा हिशोब नव्याने होईल, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितले. असे बोलणे आधी झालेले बरे असते. माझ्या एका मैत्रिणीचे सामान लिफ्ट बंद असल्यामुळे खाली अंगणातच थांबले आणि तिथेच घासाघीस सुरू झाली, हे मला माहीत होते.

पुस्तकांच्या बाबतीत मी चुकले. आमच्याकडे पुस्तके बरीच आहेत. मी टीव्ही आणि वॉशिंग मशीन यांची जपून ठेवलेली मोठमोठी खोकी काढून त्यांत ती गच्च भरली आणि सात खोक्यांत सारा संग्रह बसवल्याच्या आनंदात राहिले. कामाच्या दोन दिवस आधी मामा दोऱ्या ठेवायला आले, त्यांनी एक खोके पायाने किंचित ढकलून पाहिले आणि हसले. एका फूटभर रांगेतील पुस्तकांचे वजन साधारण दहा किलो होते. माझ्या त्या एकेका खोक्यात चार-पाच फूट पुस्तके होती. असे खोके एका माणसाला डोक्यावर घेता येत नाही आणि दोघांनी मिळून धरले तर अरुंद जिन्यात दोघेही एकमेकांच्या पायात येतात. त्याहून वाईट म्हणजे, हलक्या वस्तूसाठी केलेल्या खोक्याचा तळ या वजनाने पायरीवरच उघडतो. मामा म्हणाले, “आमच्या वडलांनी शंभर किलोची पोती वाहिली, आता पन्नासचं असतं. पण पोतं पाठीला चिकटतं, खोकं चिकटत नाही. पंधरा-अठरा किलोच्या वर भरू नका.”

मग फळबाजारातून सफरचंदाची रिकामी खोकी आणली. ती जाड पुठ्ठ्याची असतात, झाकण वरून खालपर्यंत बसते आणि त्यांत वीसेक किलो फळे भरून हिमाचल-काश्मीरहून ती पुण्यापर्यंत आलेली असतात, त्यामुळे पुस्तकांचे पंधरा किलो त्यांना जड नसते. सात खोक्यांची एकवीस झाली. पुस्तके उभी न ठेवता आडवी रचली आणि पोकळी राहील तिथे घरातील जुन्या ओढण्या, टॉवेल कोंबले. खोके हलवल्यावर आतून आवाज आला की ते अजून भरलेले नाही, असा मामांचा साधा निकष होता.

काचेच्या बश्या मी आडव्या एकावर एक ठेवत होते. त्या मात्र उभ्या ठेवाव्या लागल्या. प्रत्येक बशी रद्दीच्या कागदात गुंडाळून, ताटाळ्यात ठेवतात तशी कडेवर उभी केली, तळाशी आणि वरती चुरगाळलेल्या कागदाचा थर दिला. आडव्या बश्यांत सगळ्यांचा भार तळच्या बशीवर येतो आणि टेम्पोच्या एका धक्क्याने ती तडकते. उभ्या बश्यांत प्रत्येकीवर तिचा स्वतःचाच भार असतो. एवढी काळजी घेऊनही फुटली ती लोणच्याची चिनी मातीची बरणी, कारण तिचे झाकण मी पिशवीने आणि दोऱ्याने घट्ट बांधले, पण बरणी मात्र रिकाम्या पातेल्यात नुसतीच ठेवली होती.

प्रत्येक खोक्यावर, गाठोड्यावर आणि सुट्या वस्तूवर मी खडूने क्रमांक आणि नव्या घरातील खोलीचे अक्षर लिहिले. मामांच्या भाषेत हे सारे ‘नग’. वहीत ६१ नगांची यादी झाली. क्रमांक खोक्याच्या वरच्या बाजूला न लिहिता दोन्ही बाजूंवर लिहायचे, कारण रचल्यावर वरची बाजू दिसत नाही, हे मला तिसऱ्या खोक्यानंतर सुचले.

आदल्या रात्री फ्रिज रिकामा करून बंद केला, दार उघडे ठेवले आणि बर्फ वितळून गेल्यावर पाणी पुसून घेतले. सकाळी इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या तारा ओळखीच्या विजेच्या कारागिराने येऊन सोडवल्या. त्याने आधी ऋण बाजूची तार काढली आणि मगच धन बाजूची, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरी अगदी शेवटी, उभीच न्यायची असे मामांना सांगितले, कारण आडवी झाली तर तिच्यातील आम्ल सांडते. हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होते आणि त्यांनी ते मला हळूच जाणवूनही दिले.

सकाळी ७ वाजता चौघे आले. त्यांची अवजारे एका गोणीत मावली: काथ्याच्या दोन दोऱ्या, रुंद सुती पट्ट्यांची एक जोडी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, काही गोणपाट, दोन पाने, एक पेचकस आणि डोक्यावर घ्यायच्या कापडी चुंबळी. ट्यूबच्या पट्ट्यांचे मला कुतूहल वाटले. नायलॉनची दोरी गुळगुळीत पृष्ठभागावर घसरते आणि घट्ट ओढली तर फर्निचरच्या पॉलिशवर वळ उमटवते. ट्यूब ताणून बांधली की स्वतःच आवळून राहते आणि वळ उमटत नाही. फ्रिजचे दार, कपाटाचे दार, पलंगाचे ड्रॉवर असे सारे त्यांनी या पट्ट्यांनीच बंद केले.

खोकी उतरवताना त्यांनी साखळी केली. एक जण घरातून पहिल्या चौकापर्यंत आणी, दुसरा तिथून पहिल्या मजल्यापर्यंत, तिसरा खाली टेम्पोपर्यंत. प्रत्येकाने आपला भाग सोडायचा नाही. एकाच माणसाने तिसऱ्या मजल्यापासून टेम्पोपर्यंत जाऊन परत यायचे म्हटले, तर चढणारे आणि उतरणारे ४० इंची जिन्यात एकमेकांना अडवत राहतात आणि अर्धा वेळ वाट देण्यातच जातो. तासाभरात पन्नासच्या आसपास नग खाली गेले.

मग कपाटाची वेळ आली. रात्रभर खोबरेल मुरल्यावर तीन बोल्ट सहज फिरले, चौथ्याला दुसरा पाना अडकवून दोघांनी जोर लावावा लागला. कप्पे आणि लॉकरचा ड्रॉवर काढून घेतले, आरशावर चिकटपट्टीची मोठी फुली मारली आणि पट्ट्या बांधल्या. कलते कपाट जिन्यावर असताना भाराचा मोठा वाटा खालच्या माणसाकडे जातो, म्हणून सर्वांत दणकट गडी खाली उतरत्या बाजूला राहिला. वरचे दोघे दोरीने मागे ओढून धरत होते आणि मामा काही न उचलता फक्त “पाय”, “थांब”, “बसव” असे शब्द देत होते. तोंडाने आदेश एकाच माणसाने द्यायचा, बाकीच्यांनी बोलायचे नाही, हा त्यांचा नियम होता आणि शेजारच्या काकांनी मोठ्या हौसेने दिलेल्या सूचना त्यामुळे वाया गेल्या. पाय पुढे, मग डोके पुढे, असे करत ते तुळईच्या चौकात आले. तिथे उभे करताना वरचा कोपरा तुळईखालून दोन बोटे जागा ठेवून गेला. मामांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

टेम्पोचा हौदा दहा फुटी होता. तो भरण्याचे काम मामांनी स्वतःकडे ठेवले. चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट, त्याच्या शेजारी फ्रिज, तोही उभाच, आणि दोघांमध्ये गाद्या. पुस्तकांची खोकी तळाला सगळीकडे सारखी पसरली, म्हणजे वजन एका बाजूला जात नाही. त्यांच्यावर हलकी खोकी, आणि काचेची तावदाने गाद्यांच्या मध्ये उभी. देवघर, गॅसची शेगडी आणि स्वयंपाकाचे दोन डबे अगदी शेवटी, मागच्या फळीजवळ, कारण शेवटी चढवलेले आधी उतरते आणि नव्या घरात आधी तेच लागणार होते. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावली आणि सिलिंडर मागे उभा बांधला.

धायरीला पोहोचायला साडेअकरा झाले. लिफ्ट १ वाजता बंद होणार होती. लिफ्टच्या भिंतींना आणि तळाला गोणपाट लावले, पहारेकऱ्याला आत डोकावून पाहू दिले आणि मग मामांनी क्रम बदलला: खोकी नंतर, जड सामान आधी. खोकी अंगणात तीन तास थांबली तरी चालतील, पण कपाट आणि फ्रिज उन्हात ठेवून चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. स्टँड काढलेले कपाट लिफ्टच्या दारातून १९ इंचांच्या बाजूने अलगद आत गेले. एकच्या आत सगळे जड सामान वर होते. खोकी ४ नंतर चढली. मधल्या वेळात सर्वांनी जेवून घेतले. सासूबाईंनी दूध उतू घालण्यासाठी शेगडी लावायला सांगितली, तेव्हा ती हाताशी होती.

याच वेळात मुलाच्या खोलीतील भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट जोडायला घेतले आणि आमची फजिती झाली. ते सोडवताना सगळे स्क्रू एका पिशवीत नीट ठेवले होते, पण परत बसवताना ते नुसतेच फिरू लागले. अशा फळ्यांत लाकडाचे धागे नसतात, फक्त भुसा आणि डिंक. एकदा स्क्रू काढला की आतील आटे भुगा होऊन जातात आणि दुसऱ्यांदा पकड मिळत नाही. मामांच्या एका गड्याने आगपेटीच्या काड्यांची गुल मोडून, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून छिद्रांत ठोकल्या, बाहेर आलेली टोके कापली आणि रात्रभर वाळू द्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्क्रू बसवले आणि ते बसले. मात्र मामांनी स्पष्टच बजावले की हे कपाट आणखी एकदा हलवता येणार नाही. आता विचार करता वाटते, ते न सोडवता, आतून रिकामे करून, सबंधच न्यायला हवे होते; त्याची रुंदी जिन्याला चालली असती.

संध्याकाळी नग मोजले तर ६० भरले. क्रमांक ५२ सापडेना. गडी अस्वस्थ झाले, कारण अशा वेळी संशय पहिला त्यांच्यावर येतो, आणि एक जण टेम्पोचा रिकामा हौदा पुन्हा पाहून आला. वहीत पाहिले तर ५२ म्हणजे देवांचा डबा. सासूबाईंनी तो कुणाला न सांगता टेम्पोतून काढून घेतला होता, रिक्षात मांडीवर ठेवून आणला होता आणि तोवर नव्या देवघरात देव मांडूनही झाले होते. मी सर्वांची क्षमा मागितली. मामा म्हणाले, “देव गाडीत बसत नाहीत ताई, चुकलं ते तुमच्या यादीचं.”

फ्रिज मी तेव्हाच लावणार होते, परंतु तो उभाच आला असला तरी जिन्यावर बराच कलला होता. कलल्यावर यंत्रातील तेल नळ्यांत जाते आणि लगेच वीज दिली तर यंत्र बिघडू शकते, म्हणून थांबून रात्री ८ नंतर तो चालू केला.

पैसे देऊन झाले, मामांनी सफरचंदाची रिकामी झालेली खोकी पुढच्या कामासाठी मागून घेतली आणि सर्वांत शेवटी लोखंडी कपाटाला स्टँड जोडला. सगळे बोल्ट आवळले, तरी कपाटाचे दार लागेना. वरच्या बाजूला बोटभर अंतर राहत होते. पत्रा वाकला, असे मला वाटले आणि जीव खाली गेला. मामांनी दाराला हातही लावला नाही. खाली वाकून त्यांनी चारही पायांखाली बोट फिरवले, सफरचंदाच्या खोक्याचा एक तुकडा फाडून चौपदरी केला आणि उजव्या मागच्या पायाखाली सरकवला. नव्या घराची फरशी त्या कोपऱ्यात किंचित खाली होती. दार लागले, किल्ली फिरली. तो पुठ्ठा अजून तिथेच आहे.